दीडपट पडदा : स्क्रीनशॉट मोठे का येतात, पुसट का होतात

मराठीत संगणक शिकवणारी पुस्तके, शाळांमधली टिपणे, ऑनलाइन अर्ज कसा भरायचा हे दाखवणारे व्हिडिओ आता मोठ्या संख्येने तयार होतात. ते तयार करणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. पडद्यावर अक्षर स्वच्छ दिसत असते, पण त्याच पडद्याचा स्क्रीनशॉट पानात टाकला की तो अवाढव्य येतो. त्याला ओढून हवा तेवढा लहान केला, तर अक्षरे पुसट होतात. मग कोणी सांगते की जेपीजी नको, पीएनजी ठेवा. कोणी स्क्रीनशॉट काढण्याचे दुसरे साधन सुचवते. कोणी लॅपटॉपच बदलायला सांगते. यातले काहीही केले तरी बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण दोष फाइलच्या प्रकारात नसतो आणि लॅपटॉपच्या दर्जातही नसतो. तो असतो पडद्याच्या स्केलिंगमध्ये, आणि स्केलिंग ही गोष्ट इतकी मुकाट्याने काम करते की ती चालू आहे हेच अनेकांना ठाऊक नसते.

ही पुस्तिका त्या एकाच विषयावर आहे. प्रस्तावनेत मी एकच उदाहरण धरून चालणार आहे, आणि ते मुद्दाम साधे निवडले आहे: 14 इंची लॅपटॉप, पडदा 1920 × 1080 पिक्सेलचा, विंडोजमध्ये स्केलिंग 150 टक्के. कार्यालयांत आणि महाविद्यालयांत हा जोड सर्रास दिसतो.

आधी 150 टक्के कशासाठी, ते पाहू. विंडोजच्या हिशोबात पूर्वीपासून एका इंचात 96 पिक्सेल धरलेले आहेत. जुन्या मॉनिटरवर ते प्रत्यक्षाच्या जवळपास होते, म्हणून 12 पिक्सेल उंचीचे अक्षर डोळ्यांना वाचता येईल एवढे दिसायचे. आपल्या 14 इंची पडद्यावर मात्र एका इंचात सुमारे 157 पिक्सेल बसतात. तेच 12 पिक्सेलचे अक्षर इथे पूर्वीच्या जेमतेम साठ टक्के आकाराचे होईल. म्हणून विंडोज सगळी मापे दीडपट करते. प्रोग्रॅम म्हणतो 12, पडद्यावर उमटतात 18. प्रोग्रॅम म्हणतो 800 रुंदीची खिडकी, पडद्यावर ती 1200 पिक्सेल व्यापते. प्रोग्रॅमच्या दृष्टीने हा पडदा 1280 × 720 चाच असतो.

इथून पुढे दोन मापे वेगळी ठेवावी लागतात. पडद्याच्या काचेमागे जे ठिपके प्रत्यक्ष आहेत त्यांना मी खरे पिक्सेल म्हणेन. प्रोग्रॅम ज्या मापात बोलतो त्यांना हिशोबी पिक्सेल. आपल्या लॅपटॉपवर एक हिशोबी पिक्सेल म्हणजे दीड खरा पिक्सेल. या पुस्तिकेतला जवळजवळ प्रत्येक घोटाळा या दोन मापांच्या अदलाबदलीतून जन्मतो.

स्क्रीनशॉट खऱ्या पिक्सेलांचा निघतो. 800 × 600 हिशोबी पिक्सेलच्या खिडकीचा स्क्रीनशॉट 1200 × 900 चा येतो, आणि तसा यावाच, कारण पडद्यावर तेवढे ठिपके खरोखर रंगवलेले होते. अडचण अशी की फाइलमध्ये ठिपके येतात, पण ‘हे दीडपट पडद्यावर घेतले होते’ ही गोष्ट येत नाही. प्रमाण छापायचे राहून गेलेल्या नकाशासारखी ती फाइल असते: रेषा अचूक, पण सेंटिमीटरला किती किलोमीटर ते वाचणाऱ्याने ठरवायचे. हे चित्र जो कोणी उघडेल तो आपापल्या समजुतीप्रमाणे ते मांडतो.

ब्राउझरची समजूत सरळ आहे. चित्राचा एक पिक्सेल म्हणजे एक हिशोबी पिक्सेल. आता हीच 1200 पिक्सेल रुंदीची फाइल त्याच लॅपटॉपवर वेबपानात दाखवली की काय होते? ब्राउझर तिला 1200 हिशोबी पिक्सेल देतो, म्हणजे 1800 खरे. मूळ खिडकीने 1200 खरे पिक्सेल व्यापले होते, चित्र त्याच्या दीडपट रुंद दिसते, आणि 1200 ठिपक्यांमधून 1800 ठिपके ताणून काढल्यामुळे अक्षरांच्या कडा धुरकट होतात. एकाच यंत्रावर घेतलेले आणि तिथेच पाहिलेले चित्र मोठेही दिसते आणि पुसटही, ते यामुळे. फाइलमध्ये काहीही बिघडलेले नसते. ती दाखवताना ताणली जात असते.

याची खात्री करून घेण्याचा एक चांगला मार्ग आहे. चित्र क्रोममध्ये उघडा आणि झूम 67 टक्के करा. तिथे दिसणारा 67 हा आकडा प्रत्यक्षात दोन-तृतीयांश असतो, आणि दीडपटीचे दोन-तृतीयांश म्हणजे एकास एक. आता चित्राचा प्रत्येक ठिपका पडद्याच्या एकाच ठिपक्यावर बसतो. अक्षरे एकदम लखलखीत झाली, तर स्क्रीनशॉट निर्दोष आहे आणि दुरुस्ती मांडणीत करायची आहे. तरीही पुसट राहिली, तर पुसटपणा फाइलमध्येच शिरलेला आहे, आणि तो घेण्याच्या आधी किंवा घेताना शिरला आहे. पुढची सगळी चौकशी या एका उत्तरावर ठरते. म्हणून चित्रात काहीही फेरफार करण्याआधी ही चाचणी करावी, असा माझा आग्रह आहे.

स्क्रीनशॉट निर्दोष निघाला, तर उपाय एवढाच की चित्राला हात न लावता त्याचे माप सांगायचे. वेबपानात ते असे सांगतात:

```html
<img src="arj.png" width="800" alt="अर्जाची खिडकी">
```

फाइल 1200 रुंदीचीच राहते, जागा मात्र 800 हिशोबी पिक्सेलची मिळते. दीडपट पडद्यावर 800 चे 1200 होतात आणि ठिपके तंतोतंत जुळतात. मोबाइलच्या दुप्पट-तिप्पट घनतेच्या पडद्यावर जास्तीचे ठिपके कामी येतात. 100 टक्क्यांच्या जुन्या मॉनिटरवर ब्राउझर चित्र लहान करून दाखवतो आणि थोडा मऊपणा येतो, पण तो त्या एका मॉनिटरपुरता. मूळ फाइल शाबूत असते, पुढे कोणाकडे चांगला पडदा असेल तर त्याला ती चांगलीच दिसेल.

वर्डमध्येही हाच मार्ग घ्यावा: चित्र पूर्ण आकारात घालून त्याची रुंदी पानावर कमी करायची, आधी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लहान करून आणायचे नाही. वर्डची एक सवय मात्र आधी मोडून ठेवावी लागते. दस्तऐवज साठवताना तो चित्रांमधले ‘जास्तीचे’ ठिपके स्वतःच कमी करू शकतो. File मधून Options, तिथे Advanced, आणि Image Size and Quality या भागात Do not compress images in file वर खूण केली की तो चित्रांना हात लावत नाही. ही खूण त्या त्या दस्तऐवजापुरती असते, हे लक्षात ठेवावे.

एवढे सोपे असताना बहुतेक लोक करतात काय? चित्र पेंटमध्ये उघडतात, 67 टक्के करतात आणि साठवतात. आकार बरोबर येतो, पण अक्षरे जातात. का जातात, ते एका रेषेवर पाहू.

समजा, तक्त्याची एक उभी काळी रेषा आहे, पांढऱ्या पानावर, बरोबर एक पिक्सेल जाडीची. दोन-तृतीयांश करताना मूळच्या तीन ठिपक्यांमधून दोन नवे ठिपके बनतात, म्हणजे प्रत्येक नव्या ठिपक्याच्या वाट्याला मूळचे दीड ठिपके येतात. सरासरी काढून लहान करायची साधी पद्धत धरली, तर रेषा तिघांपैकी पहिल्या ठिपक्यावर असताना ती पूर्णपणे पहिल्या नव्या ठिपक्यात जाते. दीडपैकी एक भाग काळा, म्हणून 67 टक्के काळा करडा रंग. रेषा तिसऱ्या ठिपक्यावर असेल तर तेच दुसऱ्या नव्या ठिपक्याचे होते. पण रेषा मधल्या ठिपक्यावर असेल तर ती अर्धी-अर्धी वाटली जाते, आणि शेजारशेजारचे दोन्ही नवे ठिपके 33 टक्के करडे होतात. एकाच तक्त्यातल्या सारख्या जाडीच्या रेषा त्यामुळे कुठे गडद आणि बारीक, तर कुठे फिकट आणि रुंद दिसतात. तुमच्या चित्रात तक्त्याच्या रेषा अशा असमान दिसल्या, तर ते अपूर्णांकात लहान केलेले आहे हे न विचारता कळते. ही सर्वांत भरवशाची खूण आहे. दुप्पट पडद्यावरचे चित्र निम्मे केले तर हा गोंधळ बराच टळतो, कारण दोन ठिपक्यांचा एक होतो, वाटणीत तुकडे पडत नाहीत. दीडपटीत ती सोय नाही.

देवनागरीला याचा फटका रोमन अक्षरांपेक्षा जास्त बसतो, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी हे जवळून पाहायला हवे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या पडद्यावरच्या लहान अक्षरांत वेगळ्या ओळखू येतात त्या मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीमुळे. ध आणि भ यांच्या डोक्यावर रेषा तुटलेली असते, घ आणि म यांच्यावर सलग. मेनूतल्या बारीक मजकुरात ही फट एक-दोन ठिपक्यांची असते. वरच्या हिशोबाप्रमाणे ती लहान केली की पांढरी राहत नाही, करडी होते, आणि शेजारच्या करड्या शिरोरेषेत मिसळून जाते. मग ‘धन’ वाचावे की ‘घन’, हे संदर्भावरून ठरवावे लागते. अनुस्वाराचा ठिपका आणि रफार यांचेही असेच होते. पुसट झालेले इंग्रजी बटण वाचक ओळखीने वाचून नेतो; अर्जाच्या रकान्यात भरलेले एखाद्याचे आडनाव असे ओळखीने वाचता येत नाही.

विंडोज अक्षरांच्या कडा मऊ करण्यासाठी लाल-हिरव्या-निळ्या उपठिपक्यांचा वापर करते, त्याला क्लिअरटाइप म्हणतात. पडद्यावर तो रंग जाणवत नाही. स्क्रीनशॉटमध्ये मात्र ते रंगीत ठिपके तसेच उतरतात, आणि चित्र लहान-मोठे केले की अक्षरांना लालसर-निळसर झालर दिसू लागते. छपाईत ती जास्तच खुपते. छपाईसाठी चित्रे घेण्याआधी क्लिअरटाइप बंद केलेला बरा.

आता चाचणीत नापास झालेल्या चित्रांकडे वळू. 67 टक्क्यांवरही जे पुसट आहे त्यात पहिला संशय स्क्रीनशॉट घेणाऱ्या साधनावर नव्हे, ज्या प्रोग्रॅमचे चित्र घेतले त्याच्यावर घ्यावा. काही जुने प्रोग्रॅम स्केलिंग ही गोष्टच जाणत नाहीत. ते आपली खिडकी 800 × 600 खऱ्या पिक्सेलांचीच रंगवतात, आणि विंडोज ते तयार चित्र ताणून 1200 × 900 करते. अशा प्रोग्रॅमचे अक्षर पडद्यावर आधीच मऊ असते, पण रोज तेच बघून डोळा सरावलेला असतो, म्हणून स्क्रीनशॉट पाहेपर्यंत लक्षात येत नाही. शेजारी ब्राउझरची खिडकी ठेवून दोन्हींतले अक्षर जवळून ताडून पाहावे. टास्क मॅनेजरच्या Details या भागात रकान्यांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून DPI Awareness हा रकाना चालू करता येतो. तिथे प्रोग्रॅमसमोर Unaware दिसले तर दोषी सापडला.

अशा प्रोग्रॅमच्या .exe फाइलच्या Properties मध्ये Compatibility, त्यात Change high DPI settings, आणि तिथे Override high DPI scaling behavior अशी सोय आहे. तिथे Application निवडले तर विंडोज ताणणे थांबवते. अक्षर लख्ख होते, पण खिडकी पडद्यावर बारीक दिसते. स्क्रीनशॉटसाठी हे उत्तमच: 800 × 600 चे शुद्ध चित्र मिळते आणि काम झाले की सेटिंग परत घेता येते. System (Enhanced) ही दुसरी निवड खिडकी मोठी ठेवून अक्षर स्वच्छ करण्याचा प्रयत्न करते, पण ती विंडोजच्या जुन्या चित्रणपद्धतीने अक्षरे काढणाऱ्या प्रोग्रॅमांपुरती चालते आणि त्यातही बटणांवरची लहान चित्रे ताणलेलीच राहतात.

दुसरा संशय स्क्रीनशॉटच्या साधनावर. स्केलिंग न जाणणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोज पडद्याचे माप हिशोबी पिक्सेलांत सांगते. साधन स्वतः तसे असेल तर त्याने ‘पडदा केवढा’ विचारल्यावर त्याला 1280 × 720 हे उत्तर मिळते. मग ते वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तेवढेच ठिपके उचलते, आणि पडद्याचा उजवा आणि खालचा भाग चित्रात येतच नाही. दोन-तृतीयांश रुंदी गुणिले दोन-तृतीयांश उंची, म्हणजे पडद्याचा निम्म्याहूनही कमी भाग हाती लागतो. स्टार्ट बटण आणि घड्याळ चित्रातून गायब झाले असेल, तर दुसरे काही तपासायची गरज नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या स्निपिंग टूलमध्ये हे होत नाही. जुन्या साधनांत आणि स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमांत होते. प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला असेल तर पडद्याचे माप विचारण्याच्या आधी या ओळी घालाव्यात:

```python
import ctypes
ctypes.windll.shcore.SetProcessDpiAwareness(2)
```

यातला 2 हा आकडा विंडोजला सांगतो की या प्रोग्रॅमला प्रत्येक मॉनिटरचे वेगवेगळे स्केलिंग समजते, त्याला खरी मापे द्या. दोन मॉनिटर जोडलेले असताना, लॅपटॉप 150 वर आणि बाहेरचा 100 वर, याची विशेष गरज पडते. तिथे हिशोबी आणि खऱ्या मापांतला फरक जागेप्रमाणे बदलतो, आणि न जाणणाऱ्या साधनाने काढलेली चौकट निवडलेल्या भागापासून सरकलेली येते.

मॅक वापरणाऱ्यांसाठी पुढे एक प्रकरण आहे, पण त्यातली मुख्य गोष्ट इथेच सांगतो, कारण तिने अनेकांना चकवले आहे. 2012 मध्ये रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आला, तेव्हापासून मॅकवर प्रोग्रॅम साधारणपणे दुप्पट मापाने रंगवतात. 15 इंची त्या यंत्राचा पडदा 2880 × 1800 चा होता आणि नेहमीच्या सेटिंगवर स्क्रीनशॉटही तेवढाच यायचा. पण सेटिंगमधून ‘जास्त जागा’ निवडून 1680 × 1050 इतका हिशोबी पडदा मागितला, तर मॅक आधी त्याच्या दुप्पट, म्हणजे 3360 × 2100 चे चित्र रंगवतो आणि ते आकसून 2880 च्या पडद्यावर बसवतो. स्क्रीनशॉट आकसण्याच्या आधीचा निघतो. म्हणजे फाइलमध्ये पडद्यावर प्रत्यक्ष असलेल्या ठिपक्यांपेक्षा जास्त ठिपके! आयफोन 6 प्लसचेही असेच होते: पडदा 1080 × 1920, स्क्रीनशॉट 1242 × 2208. अशा वेळी फाइल पडद्यापेक्षा स्वच्छ असते, म्हणून तिला ‘मूळ आकारात’ आणायचा प्रयत्न करणे हाच तोटा. मॅक आपल्या पीएनजी फाइलमध्ये इंचाला 144 पिक्सेल अशी नोंदही ठेवतो. ही नोंद मानणारे प्रोग्रॅम चित्र योग्य मापात दाखवतात. ब्राउझर ती मानत नाही, म्हणून मॅकवरचे चित्र वेबपानात दुप्पट येते आणि रुंदी तिथेही सांगावीच लागते.

छपाईत हे सगळे उलट फायद्याचे होते. पुस्तकाच्या पानावर साडेचार इंच रुंदीत 1200 ठिपके बसवले तर इंचाला 267 पडतात, 800 बसवले तर 178. दीडपट पडद्यावरचे चित्र छपाईत सरस ठरते, फक्त ते वाटेत कोणी लहान केलेले नसावे. मुद्रक ‘300 डीपीआय करून द्या’ म्हणतात तेव्हा पुष्कळ जण चित्र ठिपके वाढवून ताणतात. त्याने तपशील वाढत नाही, नुसता धूसरपणा भरतो. ठिपके तेच ठेवून फक्त नोंद 300 केली तर 1200 ठिपक्यांचे चित्र चार इंचांचे होते. पानावर तेवढी जागा ठेवा, किंवा 267 वर समाधान माना. पडद्याच्या चित्राला ते पुरते. छायाचित्राचा नियम इथे आंधळेपणाने लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि मुळातच जास्त ठिपके हवे असतील, तर वेबपानांसाठी एक मार्ग आहे ज्याला पडद्याच्या स्केलिंगचे बंधनच नाही. क्रोममध्ये F12 दाबून डेव्हलपर टूल्स उघडावीत, Ctrl+Shift+M ने उपकरणाची पट्टी आणावी, तिच्या मेनूतून Add device pixel ratio घेऊन DPR 2 करावा आणि उपकरणाचा प्रकार Desktop ठेवावा, नाहीतर काही पाने मोबाइलचा अवतार धारण करतात. मग त्याच मेनूतल्या Capture screenshot ने 800 रुंदीच्या पानाचे 1600 ठिपक्यांचे चित्र मिळते. पान नव्याने दुप्पट मापात रंगवले जाते, कुठेही काही ताणलेले नसते. शासकीय संकेतस्थळांवरचे अर्ज समजावून सांगणाऱ्या पुस्तकांसाठी मला याहून चांगली पद्धत माहीत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये याच चुका होतात, पण तिथे त्या सुधारायची संधी कमी मिळते. चित्राची मूळ फाइल जपून ठेवता येते. व्हिडिओ मात्र रेकॉर्ड होत असतानाच लहान केला आणि दाबला गेलेला असतो. ओबीएस हे साधन घेऊ. त्याच्या Settings मधल्या Video या भागात Base (Canvas) Resolution आणि Output (Scaled) Resolution अशी दोन मापे असतात. पहिले 1920 × 1080 आणि दुसरे 1280 × 720 असेल, तर वर रेषेचा जो हिशोब केला तोच आता दर सेकंदाला तीस वेळा होतो. दोन्ही मापे सारखी ठेवावीत. एकच खिडकी रेकॉर्ड करताना आणखी एक सापळा असतो. 1200 × 900 ची खिडकी 1080 उंचीच्या कॅनव्हासवर ‘भरून दिसावी’ म्हणून कोपरा धरून ओढली की ती 1.2 पट ताणली जाते. Ctrl+R ने ते ताणणे रद्द होते. खिडकीभोवती रिकामी जागा राहिली तरी चालेल, किंवा सुरुवातीलाच खिडकी पडदाभर करून घ्यावी.

रेकॉर्डिंग चालू असताना खिडकी 150 च्या लॅपटॉपवरून 100 च्या मॉनिटरवर ओढू नये. नव्या पद्धतीचे प्रोग्रॅम मॉनिटर बदलला की आपले माप बदलतात, आणि 1200 रुंदीची खिडकी एका क्षणात 800 ची होते. त्यानंतरचा व्हिडिओ कॅनव्हासच्या एका कोपऱ्यात आकसून बसतो. स्केलिंग बदलायचेच असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी बदलून एकदा साइन आउट करून परत यावे, कारण काही प्रोग्रॅम स्केलिंगचा आकडा फक्त साइन इन होताना वाचतात आणि तोवर ताणलेलेच राहतात.

व्हिडिओत पुसटपणाचे आणखी एक कारण असते, त्याचा स्केलिंगशी थेट संबंध नाही, पण स्केलिंग त्यावर उपाय ठरते. प्रचलित व्हिडिओ पद्धतीत उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची मात्र दोन बाय दोन अशा चार ठिपक्यांमागे एकदाच. काळे अक्षर पांढऱ्यावर यातून तगते. अर्जात ‘हा रकाना भरणे आवश्यक’ हे सांगणारी लाल फुली तगत नाही, ती गुलाबी डागासारखी होते, आणि शिकणाऱ्याला नेमकी तीच पाहायची असते. रेषा जाड असल्या की रंग टिकतो. म्हणून रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपचे स्केलिंग 150 वरून 100 वर आणू नका. उलट 175 करून पाहा. हिशोबी पडदा सुमारे 1097 रुंदीचा राहतो, म्हणजे बहुतेक अर्ज त्यात मावतात. आपले प्रेक्षक मोबाइल उभा धरून व्हिडिओ पाहतात. 1920 रुंदीचा व्हिडिओ तिथे 1080 ठिपक्यांत येतो, 18 पिक्सेलचे अक्षर 10 चे होते, आणि ध-घ मधली ती फट पुन्हा धोक्यात येते. 175 वर तेच अक्षर 21 चे असते आणि आकसून साधारण 12 चे राहते. मोबाइलवरही वाचता येईल असे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच प्रस्तावनेचा आहे: आधी विंडोज, मग मॅक, मग छपाई, शेवटी व्हिडिओ. चौथ्या प्रकरणातली चित्रे जोडीने छापली आहेत, डावीकडचे ठिपके न बदललेले, उजवीकडचे दोन-तृतीयांश केलेले, दोन्ही पानावर एकाच रुंदीत. उजवीकडच्या चित्रांतले रकान्यांचे मजकूर आधी वाचा आणि मग डावीकडे पाहा.